कॅसलिंग मी शिकवलंच नव्हतं

प्रश्न : मला आवडणारी मुलगी बुद्धिबळ छान खेळते. मलाही थोडंफार येतं. पण 'मला काहीच येत नाही, शिकवशील का?' असं विचारलं तर भेटायला निमित्त मिळेल. विचारू का?

शिकवशील का, हे जरूर विचारा. 'काहीच येत नाही' हे मात्र बोलू नका. मी त्या पटाच्या पलीकडे बसलेली आहे, म्हणून सांगते.

ओळखीतला एक मुलगा होता. मला आवडायचा, हे आधीच सांगून टाकते. त्याने विचारलं, "मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, शिकवशील?" मी शाळेपासून स्पर्धा खेळलेली, त्यामुळे हुरळून गेले. रविवार ठरला. नवख्याला पहिल्याच दिवशी सगळ्या सोंगट्या मांडून दिल्या की तो गांगरतो, म्हणून मी फक्त प्यादी आणि राजे मांडले. ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. मग एकेक सोंगटी वाढवत नेली. घोडा आला तेव्हा हा बोटाने घरं मोजायला लागला. दोन सरळ, एक आडवं. ओठ हलवत, अगदी पहिलीतल्या मुलासारखा. मला काय कौतुक वाटलं होतं त्या बोटाचं!

पण एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. नवखा माणूस सोंगटी मारतो तेव्हा त्याला दोन्ही हात लागतात. एका हाताने समोरची उचलतो, दुसऱ्याने आपली ठेवतो, नाहीतर आपली सोंगटी तिच्यावर आपटून तिला आडवी पाडतो. याने माझं प्यादं एकाच हाताने, एकाच झटक्यात उचललं आणि त्या जागी उंट बसवला. प्यादं तळहातात सरकलं आणि उंट बोटांच्या टोकांवर राहिला. ही सवय शेकडो डाव खेळल्याशिवाय लागत नाही. मी मनात म्हटलं, पत्ते वाटायची सवय असेल.

चुकांचंही तसंच. खऱ्या नवख्याला लांबचं दिसत नाही. पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून तिरका बघत बसलेला उंट त्याच्या लक्षातच येत नाही आणि वजीर जातो. याच्या चुका शेजारच्या घरातल्या, ढळढळीत. माझ्या प्याद्याच्या तोंडात आणून घोडा ठेवायचा आणि "अरेच्चा" म्हणायचं. लांबून येणारे मार मात्र एकदाही चुकले नाहीत. वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्याने निदान वेडाचा नीट अभ्यास तरी करावा.

तिसऱ्या रविवारी पूर्ण डाव मांडला. प्रत्येक नवख्यावर मी एकदा एक डाव टाकते. दोघांचीही राजापुढची प्यादी दोन घरं पुढे. मग माझा वजीर तिरका बाहेर. त्याने घोडा काढून आपलं प्यादं राखलं, ते मी आधीच शिकवलं होतं. मग माझा उंट बाहेर. आता उंट आणि वजीर दोघांचीही नजर त्याच्या राजाच्या बाजूच्या उंटापुढच्या प्याद्यावर. त्या प्याद्याला राजाखेरीज कोणाचाच आधार नसतो. नवखा इथे हमखास दुसरा घोडा काढतो, कारण त्यातून वजिरावर हल्ला होतो आणि वजीर मारायला मिळणार म्हणून त्याला आनंद होतो. पुढच्याच खेळीला मात. एकदा असं हरलं की ते घर जन्मभर विसरत नाही.

याने राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं. क्षणाचाही विचार न करता, माझ्याशी गप्पा मारता मारता. वजिराची वाट बंद, वर वजिरावरच हल्ला. मी वजीर मागे घेऊन पुन्हा त्याच प्याद्यावर रोखला, तर आता घोडा काढून मधे घातला. दुसरा घोडा योग्य वेळी, एक खेळी उशिरा. मग उंट बाजूच्या खाचेत बसवला. आणि मग राजा उचलून दोन घरं सरकवला, त्याच हाताने हत्ती उचलून राजाच्या पलीकडे ठेवला.

कॅसलिंग मी शिकवलंच नव्हतं.

शिवाय आधी राजा, मग हत्ती, तेही एकाच हाताने. घरी खेळणारे दोन्ही हातांनी करतात, नाहीतर आधी हत्ती उचलतात. स्पर्धेत हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचं कॅसलिंग करता येत नाही, म्हणून खेळणाऱ्यांच्या अंगात राजाच आधी भिनलेला असतो. मी हात पटावरून काढून घेतले. तो त्या हत्तीकडे बघत राहिला. त्याचं त्यालाच कळलं होतं.

"आता खरं खेळ," मी म्हटलं. खेळला. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली, आणि तिथे त्याने मला शांतपणे हरवलं. म्हणजे तीन रविवार मी माझ्यापेक्षा चांगल्या खेळाडूला घोडा कसा चालतो ते शिकवत होते. वहीत धडे लिहून काढले होते मी त्याच्यासाठी.

माझी मावसबहीण अजून म्हणते, "अगं, तुझ्यासाठी मुद्दाम हरत होता, किती गोड!" गोड काय त्यात? मी समजावत होते तेव्हा तो ऐकत नव्हता, मला बघत होता. आता कोणी म्हणेल, आवडणारा माणूस बघणारच. बघावं की! पण मग माझं बोलणं हा नुसता मागचा आवाज झाला. ज्या गोष्टीत मला गती आहे, नेमकी तीच त्याने बुजगावण्यासारखी मधे उभी केली. हे मी तिला दहा वेळा सांगितलं. आज लिहूनच टाकते, तिला दुवा पाठवता येईल.

तुमचं म्हणाल तर, 'थोडंफार येतं' यात लाजण्यासारखं काय आहे? थोडंफार येणाऱ्याला अडणाऱ्या जागा खऱ्या असतात. राजा आणि एक प्यादं विरुद्ध एकटा राजा, हा शेवट घ्या. प्यादं पुढे पळवत सुटलात तर बहुतेक वेळा डाव बरोबरीत जातो. राजा प्याद्याच्या पुढे काढून समोरच्या राजासमोर मधे एकच घर सोडून उभा राहिलात आणि खेळी त्याची असली, तर त्याला बाजूला व्हावं लागतं. हे पुस्तकात वाचून कळत नाही, समोर कोणी बसून दहा-बारा वेळा खेळवलं की कळतं. स्वतःचा हरलेला एक डाव लिहून न्या आणि विचारा, "इथे मी काय करायला हवं होतं?" चांगलं खेळणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. भेट त्यातच होते. तिने "ॲपवर बघ की" म्हटलं, तर तेही उत्तरच समजा आणि पुन्हा विचारू नका.

तुम्हाला खरोखर काहीच येत नसेल तर वरचं सगळं सोडून द्या, तसंच सांगा. पण प्रश्नात तुम्हीच लिहिलंय की येतं.

आणि एक राहिलं. दोन हत्तींनी मात कशी करायची, हा वीस मिनिटांचा धडा आहे. एक हत्ती एक ओळ अडवतो, दुसरा पुढची, जिना चढल्यासारखं. मी तो दुसऱ्या रविवारी शिकवायला घेतला आणि त्यात अख्खी संध्याकाळ घालवली. हे बहिणीला अजून सांगितलेलं नाही.