फी हप्त्याने भरायचा अर्ज : ‘सवलत’ मागायची की ‘परवानगी’?

प्रश्न: बहिणीने कॉलेजच्या अकाउंट्स ऑफिसला द्यायला अर्ज लिहिलाय, वाचताना कुठेतरी खटकतंय. “वरील विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे तरी कृपया करून मला फीमध्ये सवलत देण्यात यावी.” बाबा टेम्पो चालवतात, जूनमध्ये पाय मोडला, ऑक्टोबरपर्यंत घरीच. फी ४२ हजार, आत्ता १२ आहेत, सप्टेंबरात आईची भिशी लागेल, बाकीचं बाबा कामावर गेल्यावर. जरा नीट करून द्याल का?

सगळ्यात आधी तो ‘सवलत’ काढा. तिला फी पूर्ण भरायचीय, फक्त एकदम नाही, आणि सवलत म्हटलं की ऑफिसात ऐकू येतं ते फी कमी करा. आपल्याकडे ‘ईबीसी सवलत’ हा शब्द वर्षानुवर्षं रुळलेला आहे, त्यामुळे क्लार्क अर्ज अर्धाच वाचून सांगणार की हे स्कॉलरशिपच्या खिडकीवर, महाडीबीटीवर फॉर्म भर, आणि पोरगी चुकीच्या रांगेत उभी राहणार. (तो फॉर्म बसत असेल तर जरूर भरा, पण तो वेगळा विषय आहे.) तिला हवीय ती ‘हप्त्याने फी भरण्याची परवानगी’, हेच शब्द विषयाच्या ओळीत यायला हवेत कारण बऱ्याचदा तेवढीच ओळ वाचून कागद पुढे सरकतो.

‘आपणास कळविण्यात येते की’ हा ऑफिसचा आवाज आहे, नोटीस काढणाऱ्याचा. विद्यार्थिनीने प्राचार्यांना असं लिहिलं की उद्धट वाटतं, तिच्या मनात तसं काही नसलं तरी. ‘मी’ने सरळ सुरुवात करावी. ‘कृपया करून’ तर चूकच, एकतर ‘कृपया’ नाहीतर ‘कृपा करून’.

‘हलाखीची परिस्थिती’ चूक नाही पण त्यातून काहीच कळत नाही, प्रत्येक अर्जात तेच असतं. बाबांचा पाय मोडला, टेम्पो बंद आहे, हे लिहिलं की विशेषण लागतच नाही आणि डिस्चार्ज कार्ड जोडता येतं. दुःख वाढवून लिहायची गरज नाही, दोन वाक्यं पुरतात.

आणि मुख्य म्हणजे रकमा आणि तारखा. अकाउंट्सवाले स्वतः मंजुरी देत नाहीत सहसा, ते कागद प्राचार्यांकडे पाठवतात, म्हणून अर्ज प्राचार्यांच्या नावे, लेखा विभागामार्फत. तो असा हवा की सरांना खाली ‘मंजूर’ लिहून सही करता यावी. ‘थोडे थोडे करून भरीन’ यावर सही कोण करणार? परीक्षेचा फॉर्म बहुतेक दिवाळीच्या आधी भरायचा असतो आणि तिचे शेवटचे दोन हप्ते त्यानंतरचे असतील, फी बाकी आहे म्हणून तिथे फॉर्म अडवतात, म्हणून तो स्वीकारावा हेही आत्ताच मागून ठेवा.

मी असं लिहीन:

प्रति,
मा. प्राचार्य,
(कॉलेजचं नाव)
मार्फत : लेखा विभाग

विषय : शैक्षणिक शुल्क हप्त्याने भरण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

मी द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेत शिकत आहे. माझे वडील टेम्पोचालक असून जूनमध्ये अपघातात त्यांचा पाय मोडला. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार ते ऑक्टोबरपर्यंत काम करू शकणार नाहीत, त्यामुळे सध्या घरातील मुख्य उत्पन्न बंद आहे.

माझे या वर्षाचे शुल्क ४२,००० रुपये आहे. त्यापैकी १२,००० रुपये मी आत्ता भरत आहे. उरलेले ३०,००० रुपये १० सप्टेंबर, १० नोव्हेंबर आणि १० डिसेंबर रोजी प्रत्येकी १०,००० याप्रमाणे भरण्याची परवानगी द्यावी, तसेच दरम्यान माझा परीक्षा अर्ज स्वीकारला जावा, ही विनंती.

सोबत वडिलांच्या डिस्चार्ज कार्डची प्रत जोडली आहे.

आपली विश्वासू,
(नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाइल, सही)

‘शुल्क’ नको असेल तर ‘फी’ लिहा, कोणी परत पाठवणार नाही, फक्त एकाच अर्जात दोन्ही नको. ‘मिळणेबाबत’ हे रूप ऑफिसात सर्रास चालतं, मला ‘मिळण्याबाबत’ जास्त मराठी वाटतं म्हणून तसं ठेवलंय. नोव्हेंबरचा हप्ता बाबांच्या पहिल्या कमाईवर अवलंबून आहे, तिथे धाकधूक असेल तर आत्ताच २० नोव्हेंबर लिहा. स्वतः दिलेली तारीख चुकली की पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही, लांबची तारीख मागितली तर सहसा चालते.

दोन प्रती काढायला सांगा, एक तिथे द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. परीक्षेचा फॉर्म भरायला जाताना मंजुरीची झेरॉक्स जवळ असू दे, त्या खिडकीवर माणूस वेगळा असतो.