खिळा कुठे येणार, ते आधी ठरवा
वडोदऱ्यातल्या तुमच्या खोलीत उष्णता अडवणारा थर लावायला पश्चिमेच्या भिंतीला आतून जेमतेम 20 मिमी जागा आहे, त्यामुळे व्हॅक्यूम पॅनेलचा, म्हणजे हवा काढून फॉइलमध्ये बंद केलेल्या पॅनेलचा, मोह होणारच. तेवढ्याच जाडीत ते एअरोजेल या हलक्या, सच्छिद्र पदार्थाच्या ब्लँकेटच्या दुपटीहून जास्त उष्णता अडवतं. पण ते कापता येत नाही, आणि एक खिळा घुसला की हवा आत शिरते. मग सिलिका गाभ्याचं महागडं पॅनेलही जवळपास ब्लँकेटइतकंच काम देतं. म्हणून आधी एसीचं ब्रॅकेट, वायरिंग, पडद्याचा रॉड भिंतीवर आखून घ्या. तिथे आणि कडेच्या पट्ट्यांत ब्लँकेट लावा. ते कात्रीने कापता येतं, धूळ मात्र फार उडते, मास्क-हातमोजे घालाच. उरलेल्या सपाट भागात तयार मापाची पॅनेल बसवा. प्रत्येकाचं फॉइल गाभ्याला घट्ट चिकटलेलं हवं. सैल लागलं तर आत हवा शिरलेली असते, परत पाठवा.