बाटली नंतर, आधी केस

तुझा मेसेज दोनदा वाचला. तुझ्या सलूनमध्ये शॅम्पू सुचवला की क्लायंट अवघडतात, नाही सुचवला की कामाच्या मुलींचा इन्सेंटिव्ह बुडतो. अगं, तू बोलतेस कुठे? काउंटरवर! तिथे बाईच्या हातात पर्स असते. तू काहीही म्हणालीस तरी तिला तगादाच वाटणार.

बोलायचं ते खुर्चीत, केस हातात असताना. कलर केलेली बाई म्हणाली, 'पंधरा दिवसांत रंग उतरतो', तर लगेच शेल्फकडे वळू नकोस. केस किती वेळा धुता, पाणी किती गरम घेता, कंडिशनर कुठे लावता, हे विचार. रोज कढत पाण्याने धूत असेल तर धुणं कमी करून कोमट पाणी घ्यायला सांग. कंडिशनर मुळाशी चोपडत असेल तर घरातलाच मधल्या केसांपासून टोकांपर्यंत लावू दे. त्या दिवशी काही विकलं जाणार नाही. चालेल! एवढं करूनही शॅम्पू बदलायची गरज दिसली, तर एकच नाव सांग, कारण सांग, एका वेळी किती घ्यायचा ते तळहातावर दाखव. हे सगळं सलूनमधल्या तिच्या कार्डावर लिहून ठेव आणि विषय सोड. बाटली नंतर, आधी केस.

मी हे उशिरा शिकले. माझ्या सलूनच्या भिंतीवर टार्गेटचा तक्ता होता. महिनाअखेरीला दोन बाटल्या कमी पडल्या म्हणून एका मुलीने अगदी बारीक केसांच्या बाईला जड हेअर मास्क दिला. केस चपटे, चिकट झाले. बाई पुन्हा आली नाही. मी त्या मुलीला सगळ्यांसमोर बोलले. तक्ता मात्र मीच लावला होता. भाडं मलाच भरायचं होतं, तोट्याच्या भीतीने झोप लागत नव्हती, हेही खरं. पण त्या मुलीची माफी मी मागितली नाही, ते अजून सलतं.

म्हणून टार्गेट काढून टाक. सगळ्या प्रॉडक्टवर कमिशनचा दर सारखाच ठेव, नाहीतर ज्यावर जास्त मिळतं तेच प्रत्येक केसाला 'सूट' व्हायला लागतं. पुरवठादार एखाद्या बाटलीवर वेगळं बक्षीस देत असेल तर ते सगळ्यांच्या सामायिक डब्यात जाऊ दे. मी पहिल्या खरेदीवर करापूर्वीच्या किमतीच्या ५ टक्के देते आणि तीच बाटली बाई पुन्हा घ्यायला आली की १० टक्के. ते कार्डावर जिची सही असेल तिला, बिल कुणीही केलेलं असो. केस धुणाऱ्या मुलीच्या बोलण्यातून गरज कळली असेल तर तिचीही सही हवी, रक्कम निम्मी-निम्मी. बाटली परत आली तर त्या बाटलीचं कमिशन नाही, पण पगारातून दंडही नाही. दंड लावलास की मुली परतीची गोष्ट तुझ्यापासून लपवतील.

पहिले दोन महिने विक्री घटेल. माझीही घटली होती. तेव्हा घाबरून तक्ता परत लावू नकोस, मी लावला होता. या आठवड्यातली दहा कार्डं मला पाठव, क्लायंटची नावं झाकून. कारणाचा रकाना कोरा दिसला तर मी रागावणार आहे.