घड्याळासोबतच्या चिठ्ठीत उपदेश कुठून शिरतो?

"मुलाला नुकतीच पहिली नोकरी लागली. त्याच्यासाठी मनगटी घड्याळ घेतलंय, त्याचं पहिलंच. सोबत चार ओळींची चिठ्ठी ठेवावी असं मनात आहे. पण लिहायला बसलो की उपदेश तरी होतो, नाहीतर छापील शुभेच्छापत्रासारखं कोरडं काहीतरी. आमचं बोलणं आधीच कमी आहे. काय लिहू?"

काही काळापूर्वी एक वडील माझ्याकडे येत होते. आले होते झोप लागत नाही म्हणून. तिसऱ्या भेटीत त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "हे जरा बघाल का? हे लिहितोय तेव्हापासून जास्तच जागा राहतोय." त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ती हकिगत सांगते.

मुलगा तेवीस वर्षांचा. शिक्षणाची एक वाट अर्ध्यावर सोडून त्याने दुसरी धरली होती. त्या वेळी वडील रागाच्या भरात म्हणाले होते, "तुझ्या हातून काही पूर्ण होत नाही." त्यानंतर घरात भांडण असं कधी झालं नाही, पण दोघांचं बोलणं 'कधी येणार' आणि 'दार लावून घे' एवढ्यावर आलं. आता मुलाला नोकरी लागली होती. वडिलांनी घड्याळ घेतलं होतं ऑटोमॅटिक, म्हणजे बॅटरीशिवाय, हाताच्या हालचालीवर चालणारं, तारखेची खिडकी असलेलं.

कागदावर असं होतं: "आता तू कमावता झालास. वेळेची किंमत ओळख. कामावर वेळेवर जात जा. पैसा जपून वापर. आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं ते विसरू नकोस. आमची मान अशीच उंच ठेव. हे घड्याळ रोज घाल म्हणजे आमची आठवण राहील."

मी त्यांच्या हातात पेन दिलं आणि सांगितलं, की ज्या ज्या शब्दाने तुम्ही त्याला काही करायला किंवा न करायला सांगताय, त्याखाली रेघ ओढा. ओळख, जात जा, वापर, विसरू नकोस, ठेव, घाल. पहिलं वाक्य सोडलं तर प्रत्येकाखाली रेघ आली. ते कागदाकडे बघत राहिले. "पण यातलं चुकीचं काय आहे?" त्यांनी विचारलं.

चुकीचं काहीच नव्हतं. अडचण वेगळी होती. आपलं निवडीचं स्वातंत्र्य कुणी आवळतंय असं वाटलं, की माणूस एरवी आपणहून केली असती ती गोष्टही टाळू लागतो. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये ही कल्पना नीट मांडली. पहिल्या पगाराच्या उंबरठ्यावर उभा असलेला मुलगा या बाबतीत नेहमीपेक्षा हळवा असतो, कारण 'आता माझं मी ठरवणार' हे त्याच्या हातात नुकतंच आलेलं असतं. त्यात घड्याळ ही वस्तूच अशी, की तिच्याकडे बघितलं की वेळ आठवते. तिच्यासोबत 'वेळेवर जात जा' लिहिलं की त्याला तीच सूचना दोनदा मिळते, आणि दुसऱ्यांदा ती टोचते. 'रोज घाल' तर सगळ्यात घातक. ज्या दिवशी तो घड्याळ घालायचं विसरेल त्या दिवशी घरात शिरताना हात मागे लपवेल.

'आमची मान उंच ठेव' यावर आम्ही जास्त वेळ थांबलो. हे कौतुक वाटतं, पण त्याला अट चिकटलेली आहे: मान उंच आहे तोवर तू आमचा. ज्याने एकदा 'तुझ्या हातून काही पूर्ण होत नाही' ऐकलंय, त्याला ती अट पहिल्याच वाचनात दिसते.

पुढच्या भेटीत ते नवा कागद घेऊन आले. सूचना सगळ्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी एक लांबलचक माफी आली होती: त्या वेळी मी तुला तसं बोललो, मला अजून झोप लागत नाही, जमलं तर माफ कर.

इथे मी अडवलं. माफी मागायला माझा मुळीच विरोध नाही, पण भेटवस्तूच्या पेटीत ती ठेवू नये या मताची मी आहे. महागामोलाची वस्तू हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'मी अजून रागावलोय' असं म्हणता येत नाही. माफ करणं त्याच्यावर लादलं जातं, आणि घड्याळ त्या जुन्या वाक्याला कायमचं जोडलं जातं. शिवाय 'मला झोप लागत नाही' हे खरं असलं तरी वडिलांच्या झोपेची जबाबदारी मुलावर टाकणारं आहे. माफीला तिची स्वतःची वेळ हवी, रिकाम्या हातांनी. ते काम आम्ही बाजूला ठेवलं, सोडून दिलं नाही.

मग उरलं काय? त्यांनाही तोच प्रश्न पडला. मी विचारलं, "नोकरी शोधत होता त्या दिवसांत तुम्ही त्याला असं काही करताना पाहिलंत का, जे तुम्ही पाहिलंय हे त्याला माहीत नाही?"

आधी म्हणाले, मेहनत करायचा. मेहनत म्हणजे काय करायचा? रात्री जागायचा. जागून काय करायचा? असं करत करत एक गोष्ट निघाली. पहिल्या मुलाखतीच्या आदल्या रात्री मुलाने खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं होतं. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर, कुणाच्या लक्षात यायच्या आत, पुन्हा मागे केलं होतं. वडील अंथरुणात जागे होते. ती नोकरी त्याला मिळाली नव्हती, म्हणून तो विषयही निघाला नाही.

"हेच लिहा," मी म्हटलं. त्यांना ते फार किरकोळ वाटलं. पण 'तू मेहनती आहेस' हा शेरा आहे. शेरा देणारा वर बसलेला असतो, आणि आज चांगला शेरा देणारा उद्या वाईटही देऊ शकतो. 'मी तुला हे करताना पाहिलं' यात निवाडा नाही. मुलाला त्यातून एवढंच कळतं, की ज्या काळात बाबा बोलत नव्हते त्या काळातही ते बघत होते. तेही ज्या मुलाखतीत नाव निघालं नाही त्या मुलाखतीच्या वेळी. यशाच्या दिवसाची आठवण लिहिली असती तर पुन्हा अट आलीच असती.

दुसरा भाग मी सुचवला तेव्हा त्यांना हसू आलं. सूचना द्यायची इतकी हौस असेल तर घड्याळाबद्दलच्या द्या, म्हटलं. त्या त्याला लागणारच आहेत. ऑटोमॅटिक घड्याळ साधारण दीड-दोन दिवस काढून ठेवलं की थांबतं. ज्याने पहिल्यांदाच असं घड्याळ वापरलंय त्याला ते बिघडल्यासारखं वाटतं, आणि बाबांनी दिलेली वस्तू आपल्याकडून बिघडली हे सांगायला तो कचरतो. ही एक ओळ तो संकोच आधीच काढून टाकते. तुम्ही घेतलेलं घड्याळ बॅटरीचं असेल तर ही ओळ अर्थातच बदलेल. बऱ्याच घड्याळांत बॅटरी संपत आली की सेकंदकाटा दोन-चार सेकंदांच्या उड्या मारू लागतो, तेवढं सांगा. आणि मागच्या झाकणावर '३० मीटर' लिहिलेलं असलं तरी ते घालून पोहायचं नसतं, हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतंच ते असतं, हेही बहुतेकांना ठाऊक नसतं.

शेवटची चिठ्ठी अशी झाली. वर मुलाचं घरातलं नाव होतं, ते गाळते.

"पहिल्या मुलाखतीच्या आदल्या रात्री तू भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलंस आणि दुसऱ्या दिवशी आल्याआल्या मागे केलंस. मी जागा होतो. मला ते फार आवडलं होतं. तेव्हा बोललो नाही.

हे घड्याळ तुझं. रोज घातलंच पाहिजे असं नाही. दोन दिवस हातात नसलं की बंद पडतं, ते बिघडलेलं नसतं. चावीला वीस-पंचवीस वेढे दिले की चालू होतं. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये तारीख बदलू नकोस, आतले दाते खराब होतात.

बाबा"

यात त्यांनी एक वाक्य चोरून घातलं होतं: 'जशी घड्याळाला चावी, तसं माणसालाही…' ते मी खोडायला लावलं. कुरकुरत खोडलं त्यांनी. तसंच हे सगळं घड्याळाच्या मागच्या झाकणावर कोरून घ्यायचा बेत होता, तोही थांबवला. कोरलेलं बदलता येत नाही, घड्याळ परत करता येत नाही, आणि वाचायचं की नाही हे ठरवायची मोकळीक राहत नाही. कागद पाकिटात ठेवता येतो, खणात ठेवता येतो, वर्षभर विसरताही येतो.

द्यायचं कसं, यावर माझं म्हणणं एवढंच होतं की सगळ्यांसमोर नको आणि मोठ्याने वाचून तर अजिबात नको. चारचौघांत वाचलं की मुलाला चेहऱ्यावर काहीतरी आणावं लागतं, आणि ते त्याचं स्वतःचं राहत नाही. त्यांनी पेटी त्याच्या टेबलावर ठेवली. किमतीची चिठ्ठी काढून टाकली, हमीपत्र आत राहू दिलं.

पुढच्या भेटीत ते पडलेल्या चेहऱ्याने आले. मुलगा फक्त "पट्टा सैल होतोय" एवढंच म्हणाला होता. मी विचारलं, म्हणजे हातात घालून बघितलं ना? मग दोघांनी बसून पट्ट्याला एक भोक वाढवलं होतं, हे त्यांनी मला सगळ्यात शेवटी, जाता जाता सांगितलं. आमच्या कामात असं फार होतं. लोक प्रतिसादाची वाट पाहत असतात आणि तो येऊन गेलेला असतो.

तीस दिवसांचा महिना संपला तेव्हा मुलगा विचारायला आला, की आज एक तारीख असताना हे एकतीस का दाखवतंय. साध्या तारखेच्या घड्याळात खिडकीतली तारीख दर महिन्याला एकतीसपर्यंत जातेच, छोट्या महिन्यानंतर ती हाताने पुढे करावी लागते. वडिलांनी चावी अर्धी बाहेर ओढून दाखवली. तेवढ्यात नोकरीतल्या एका सहकाऱ्याचा विषय निघाला आणि बराच वेळ चालला. त्या जुन्या वाक्याबद्दलची माफी त्यांनी पुढे काही आठवड्यांनी मागितली, तीन वाक्यांत, घड्याळाचा उल्लेख न करता. मुलगा म्हणाला, "मला अजून त्याचा राग येतो कधीकधी." हे त्याला म्हणता आलं, याचं मला बरं वाटलं.

एक गोष्ट अजून विचारली जाते: खाली सही कुणाची? चिठ्ठीत ज्याने पाहिलेलं आहे, त्याची. 'आई-बाबा' असं जोडून लिहिलं की ते दोघांपैकी कुणाचंच राहत नाही. आईला लिहायचं असेल तर तिने तिचं पाहिलेलं वेगळ्या कागदावर लिहावं.