एगलेस केकचे कच्चे मिश्रण आणि मैद्याचा प्रश्न

प्रश्न : मी घरी एगलेस केक करते. भांड्याला उरलेले मिश्रण मुले चाटून खातात. अंडे नसल्यामुळे भीती नाही ना? मैदा आधी तव्यावर भाजून घेतला तर चालेल का?

अंड्यातील साल्मोनेला या जिवाणूचा धोका एगलेस मिश्रणात राहत नाही, हे खरे. परंतु मैद्याचा धोका तसाच राहतो, आणि त्याकडेच आपले लक्ष जात नाही. गहू शेतात उघड्यावर वाढतो, त्याला जनावरांच्या शेणातील जिवाणू लागू शकतात आणि दळण्याने ते मरत नाहीत. कोरड्या पिठात ते वाढत नसले तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. दूध-पाणी घालून मिश्रण कालवले आणि सोलापुरातल्या मे महिन्याच्या उकाड्यात ते ओट्यावर तासन्‌तास राहिले, की त्यांची वाढही सुरू होते.

अमेरिकेत २०१६ साली मैद्यातून पसरलेल्या ई. कोलाय या जिवाणूच्या साथीत ६३ जण आजारी पडले. त्यांतील काही मुलांना उपाहारगृहात खेळायला कच्च्या पिठाचा गोळा दिला होता. पोळ्या लाटताना आपणही मुलांच्या हातात कणकेची चिमणी देतोच की!

प्रत्येक चमच्यात जिवाणू असतात असे मुळीच नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि म्हणूनच सवय सुटत नाही. शिवाय ई. कोलायची लक्षणे साधारणपणे तीन-चार दिवसांनी दिसतात. रविवारी मिश्रण चाटलेल्या मुलाला बुधवारी पोटात कळा येऊन जुलाब लागले, तर घरातले दोष मंगळवारच्या पाणीपुरीला देतात. जुलाबात रक्त दिसल्यास जुलाब थांबवणारी गोळी किंवा प्रतिजैविक स्वतःच्या मनाने देऊ नये, कारण त्यामुळे हा आजार बिघडू शकतो. डॉक्टरांना कच्चे पीठ खाल्ल्याचे आवर्जून सांगावे. जुलाब सुरू झाल्यानंतर साधारण आठवडाभरात लघवी कमी झाली किंवा मूल पांढरेफटक दिसू लागले, तर मूत्रपिंडावर परिणाम झाल्याची शक्यता असते, आणि तेव्हा थेट रुग्णालय गाठावे. हा गंभीर प्रकार पाच वर्षांखालील मुलांत अधिक आढळतो.

मैदा भाजण्याबद्दल सांगायचे तर त्यावर विसंबू नये. ओलाव्यात जे जिवाणू सहज मरतात, तेच कोरड्या पिठात उष्णतेला बराच वेळ दाद देत नाहीत, आणि तव्यावर तळाचा मैदा करपत असताना वरचा जेमतेम कोमट असतो. रंग बदलला म्हणजे जिवाणू मेले, असे समजता येत नाही.

चवच पाहायची असेल तर लोणी, साखर आणि कोको फेटून झाल्यावर, मैदा पडण्यापूर्वी पाहावी. गोडी तिथेच कळते. मुलांसाठी मी थोडे मिश्रण वाटीत वेगळे भाजते. तो छोटा केक आधी तयार होतो, आणि मोठा ओव्हनमध्ये असतानाच फस्त होतो. खरकटे भांडे मात्र तोवर साबणाच्या पाण्यात गेलेले असते.