शब्द ऐकू येतात, तरी उत्तर चुकतं

"मॅडम, आयईएलटीएसच्या लिसनिंगमधलं बोलणं मला जवळजवळ सगळं कळतं. तरी पर्याय निवडायच्या प्रश्नांत मार्क जातात, आणि रिकाम्या जागा भरताना एक हुकली की पुढच्या तीन जातात. रोजचं ऐकणं अजून वाढवू का?"

मी तिला शेवटची सराव परीक्षा आणि त्या रेकॉर्डिंगची लिखित प्रत घेऊन बोलावलं. ४० पैकी १३ उत्तरं चुकली होती. लिखित प्रतीत प्रत्येक उत्तराची ओळ शोधून तिला विचारलं, "हा शब्द तेव्हा कानावर पडला होता का?" तीन ठिकाणी तो खरोखरच ऐकू आला नव्हता. उरलेल्या दहांपैकी सात ठिकाणी तिने ऐकलेलाच शब्द लिहिला होता, पण तो उत्तराचा नव्हता. म्हणजे नुसते ऐकण्याचे तास वाढवून तिचं फारसं काही बदललं नसतं.

एक प्रश्न आम्ही सावकाश उलगडला. विद्यार्थ्याने प्रकल्पाचा विषय का बदलला? पर्याय तीन: माहिती मिळेना, शिक्षकांनी सुचवलं, दुसऱ्या कुणीतरी तोच विषय घेतला होता. रेकॉर्डिंगमध्ये तो मुलगा म्हणतो, "आधी वाटलं होतं माहिती मिळणार नाही, पण ग्रंथालयात भरपूर निघाली. सर तर म्हणत होते, हाच विषय ठेव. मग कळलं की माझ्या गटातली एक मुलगी जवळपास हेच करतेय." तिने 'माहिती' हा शब्द ऐकला आणि पहिल्या पर्यायावर खूण केली. तीनही पर्यायांचे धागे बोलण्यात होते, ते तसे मुद्दामच पेरलेले असतात. इथे एकेक शब्द पकडून चालत नाही. बोलणारा शेवटी कुठे येऊन थांबला, हे पकडावं लागतं. 'पण', 'तर', 'मग' या शब्दांशी बोलणं वळलं होतं, आणि नेमक्या त्याच क्षणी तिचा हात खूण करण्यात गुंतला होता.

रिकाम्या जागेचं गणित उलटं. तिथे गोषवारा कळून उपयोग नाही, नेमका आकडा किंवा नेमकं नाव हवं. 'बस सुटण्याची वेळ' या जागी तिने साडेआठ लिहिलं होतं. पुढच्याच वाक्यात बोलणारी म्हणते, "नाही, चुकले, या महिन्यापासून पावणेनऊ." म्हणून तपशिलाच्या प्रश्नात ऐकलेलं हलकेच टिपायचं आणि विषय पुढे सरकेपर्यंत ते पक्कं मानायचं नाही.

तेव्हा रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी जो थोडा वेळ मिळतो, त्यात प्रत्येक प्रश्नापाशी एवढंच ठरवायचं: इथे सार हवं की तपशील? तपशील असेल तर जागेच्या बाजूला एक अक्षर: आकडा असेल तर 'आ', नाव असेल तर 'ना', वस्तू असेल तर 'व'. इंग्रजी वाक्यात जागेच्या आधी 'ॲन' असेल तर पुढे स्वराच्या उच्चाराने सुरू होणारा एकवचनी शब्दच बसणार, हेही आधीच कळतं. साराचा प्रश्न असेल तर पर्यायांमधला फरक दोन-तीन शब्दांत मनात म्हणायचा, आणि तीच गोष्ट दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगतील याचा अंदाज घ्यायचा. पर्यायात 'स्वस्त' असेल तर बोलताना बहुधा 'फारसा खर्च आला नाही' असं काहीतरी येतं.

अंदाजाला मर्यादा आहे, आणि ती तिला लवकरच भेटली. दुसऱ्या आठवड्यात तिने एका जागेसाठी आधीच 'लायब्ररी' धरून ठेवलं. बोलणारा 'लॅबोरेटरी' म्हणाला. तिने 'लायब्ररी' लिहिलं आणि तसंच ऐकल्याचं शपथेवर सांगितलं. मी तो तुकडा पुन्हा लावला तेव्हा ती दोन मिनिटं गप्प बसली. तेव्हापासून शब्दाचा प्रकार ओळखायचा, खुद्द शब्द ठरवायचा नाही, असा आमचा नियम झाला.

उरलेल्या तीन चुका एकाच साखळीतल्या होत्या. एक जागा हुकली आणि ती तिथेच घुटमळली. त्या परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात, पण एका संचातली उत्तरं सहसा प्रश्नांच्या क्रमानेच येतात. म्हणून नजर कायम दोन प्रश्नांवर ठेवायची. पुढच्याचा विषय ऐकू आला, की मागचा गेला असं समजून सोडून द्यायचा. यात तिला सगळ्यात जास्त त्रास झाला. सोडलेली जागा तिला खुपायची. मग तिथे एक टिंब ठेवून पुढे जायचं ठरलं. शेवटी त्या टिंबाशी परत येऊन अंदाजाने काहीतरी लिहायचं, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

सहा आठवड्यांनी ती पुन्हा पेपर घेऊन आली. चुका सात होत्या, आणि पर्यायांच्या प्रश्नांतल्या फक्त दोन. नकाशावर जागा दाखवायच्या प्रश्नांत ती अजून अडते. त्यासाठी पुढच्या भेटीत नकाशा आणि पेन्सिल घेऊन बसायचं ठरवलंय.