'करडा' म्हणायचं नाही

प्रश्न : पावसाळी आभाळ रंगवताना माझं सगळं एकाच करड्या रंगात जातं. त्यातल्या छटा ओळखायला शिकता येतं का?

येतं. मी साताऱ्यात एका चित्रकारांकडे शिकायला होतो. जुलैतल्या एका दुपारी सर मला 'चार भिंती' या टेकडीवरच्या स्मारकापाशी घेऊन गेले आणि वर पोहोचताच ताकीद दिली, "करडा हा शब्द आज बंद." पश्चिमेला यवतेश्वर ढगांत निम्मा बुडालेला, पूर्वेला कोरेगावच्या बाजूला मात्र उजेड. साताऱ्याचं हे बरं आहे, मान वळवली की आभाळ बदलतं.

यवतेश्वरावरच्या ढगाकडे बघून मी म्हणालो, "जांभळट."

सरांनी पिशवीतून पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा काढला. मधोमध वाटाण्याएवढं भोक. "एक डोळा मिट आणि यातून बघ." भोकातून तोच ढग निव्वळ शिशाच्या रंगाचा दिसला. जांभळी झाक खालच्या हिरव्यागार डोंगरामुळे भासत होती. भडक हिरव्याशेजारी करड्या रंगात लालसरपणा दिसायला लागतो. पुठ्ठा शेजारचे रंग झाकतो, मग ढगाचा स्वतःचा रंग कळतो.

मग नावं. सरांची अट एकच : नाव ऐकून रंग कालवता आला पाहिजे. रंग दोनच, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना. दोन्ही तुल्यबळ असले की 'शिसं'. निळा जरा वरचढ झाला की 'पारवा'. सिएना वरचढ झाला की 'गढूळ', आषाढातल्या कृष्णेच्या पाण्यासारखा. कोरेगावकडची क्षितिजालगतची पट्टी यात कुठेच बसेना. तिचं नाव 'मोतिया' ठरलं : यलो ऑकर नावापुरता, बाकी सगळं पाणी.

"आता डोळे किलकिले कर. ढग डोंगरापेक्षा गडद आहे का?" मला तो काळाकुट्ट वाटत होता, पण किलकिल्या डोळ्यांना भिजलेला डोंगरच जास्त गडद दिसला. उजेड आभाळातूनच येतो, त्यामुळे बहुतेक वेळा असंच असतं. डोंगरावर ऊन पडलं असेल तर मात्र उलटं होतं.

तेवढ्यात पावसाची सर आलीच. तिच्या पडद्याआड डोंगराची कड पुसली गेली.

"सर, आता डोंगराला काय म्हणू?"

"पारवाच म्हण की. पाणी वाढव फक्त."

अशा हवेत कागद लवकर वाळत नाही, त्यामुळे तिथे रंग लावायच्या भानगडीत पडू नका. पेन्सिलीने ढगांच्या बाह्यरेषा काढा, आत नावं लिहा आणि घरी आल्यावर प्रत्येक नावाची एक पट्टी रंगवा. जलरंग वाळला की फिका पडतो, म्हणून ओली पट्टी बघून 'जमलं' म्हणू नका. मी तरी मनात असतो त्यापेक्षा जरा गडदच लावतो.